लाकडाच्या रेषा आणि धातूचे ओरखडे: रेंडरमध्ये टेक्श्चरचे माप व दिशा कशी ठरवावी

मॉडेल अचूक मापाचे आहे, प्रकाशयोजना नीट आहे, तरीही रेंडरमधले टेबल बाहुलीघरातल्या टेबलासारखे दिसते, असा अनुभव त्रिमितीय काम करणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी येतो. अशा वेळी दोष बहुधा टेक्श्चरच्या मापात असतो. लाकडाच्या वाढवलयांची रुंदी आपल्या नजरेला परिचित असते, त्यामुळे दोन रेषांमधले अंतर दुप्पट झाले की नजर आपोआप टेबलाचा आकार निम्मा धरते. दिशेचेही तसेच आहे. फळीच्या लांबीला आडव्या गेलेल्या रेषा किंवा पाइपभोवती गुंडाळल्यासारखे दिसणारे ओरखडे पाहून काय चुकले ते सांगता येत नाही, पण वस्तू खोटी असल्याचे मात्र लगेच जाणवते.

हा लेख एकाच उदाहरणाभोवती मांडला आहे. १८०० मिमी लांब, ९०० मिमी रुंद आणि ३० मिमी जाड असा ओक लाकडाचा टेबलटॉप आहे. तो प्रत्येकी १५० मिमी रुंदीच्या ६ भरीव फळ्या जोडून केलेला आहे. त्याखाली ५० × ५० मिमी चौरस स्टील पाइपच्या दोन चौकटी आहेत, त्यांवर ब्रश फिनिश आहे, आणि चौकटींच्या तळाशी लेथवर कातलेल्या गोल चकत्या आहेत. काम ब्लेंडर ४ मध्ये सायकल्स रेंडर इंजिन वापरून केले आहे. इतर सॉफ्टवेअरमध्ये बटणांची नावे बदलतील, पण विचाराची पद्धत तीच राहील.

सुताराने जोडले तसे मॉडेल तोडा

टेबलटॉप हा एक सलग ठोकळा म्हणून मॉडेल केला, तर पुढची कोणतीही युक्ती त्याला वाचवू शकत नाही. खऱ्या टेबलात सहा फळ्या असतात, आणि प्रत्येक फळी खोडाच्या वेगळ्या भागातून आलेली असते. म्हणून ६ स्वतंत्र ऑब्जेक्ट करा. चौकटीचा प्रत्येक पाइपही स्वतंत्र ऑब्जेक्ट ठेवा आणि कोपऱ्यात पाइप जिथे ४५ अंशांत कापून जोडलेले असतात, तिथे तो काप प्रत्यक्ष मॉडेलमध्ये द्या. तळाच्या चकत्याही वेगळ्या ठेवा. त्याचे कारण धातूच्या भागात येईल.

प्रत्येक भाग तयार करताना एक शिस्त पाळावी लागते, ती म्हणजे भागाची लांबी नेहमी त्याच्या स्वतःच्या X अक्षावर असली पाहिजे. पाइप उभा हवा असला तरी तो आधी आडवा तयार करा आणि नंतर ऑब्जेक्ट मोडमध्ये फिरवून उभा करा. त्यानंतर `Ctrl+A` दाबून फक्त `Scale` लागू करा, `Rotation` लागू करू नका. `Scale` लागू केल्यामुळे मॉडेलचा एक एकक आणि एक मीटर यांचा मेळ बसतो. `Rotation` लागू न केल्यामुळे उभ्या पाइपलाही आपली लांबी कोणत्या अक्षावर आहे याची खूण राहते. ही खूण पुढे दिशा ठरवण्यासाठी उपयोगी पडते, आणि ती एकदा पुसली गेली की प्रत्येक भागाचे यूव्ही हाताने फिरवत बसावे लागते.

टेक्श्चरचे खरे माप शोधणे

काही संग्रहांमध्ये प्रत्येक चित्रासोबत ते प्रत्यक्षात किती मीटरचे आहे हे लिहिलेले असते. तसे असेल तर तो आकडा घ्यावा आणि पुढे जावे. नसेल, तर चित्रातूनच माप काढता येते.

आपल्या उदाहरणातले चित्र ४०९६ × १०२४ पिक्सेलचे आहे आणि रेषा त्याच्या लांबीच्या दिशेने धावतात. मध्यम गतीने वाढलेल्या ओकमध्ये एका वाढवलयाची रुंदी साधारण २ ते ३ मिमी असते, म्हणून हिशेबासाठी २.५ मिमी धरू. चित्रात रेषा सरळ व समांतर आहेत असा पट्टा शोधून, रेषांना काटकोनात २५६ पिक्सेलच्या अंतरात किती रेषा आहेत ते मोजावे. आपल्या चित्रात त्या ६० भरल्या. साठ गुणिले अडीच म्हणजे १५० मिमी, आणि २५६ पिक्सेल म्हणजे चित्राच्या उंचीचा चौथा भाग, म्हणून चित्राची पूर्ण उंची ६०० मिमी झाली. पिक्सेल चौरस असल्यामुळे लांबी त्याच्या चौपट, म्हणजे २४०० मिमी.

इथे एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. फळीच्या मधोमध कमानीसारखी किंवा ज्योतीसारखी नक्षी दिसते, त्या भागात हे मोजमाप कधीही करू नये. तिथे करवतीने वलयांना जवळजवळ स्पर्शरेषेत कापलेले असते आणि तिरप्या कापामुळे अडीच मिलिमीटरचे वलय पृष्ठभागावर १०-१५ मिमी रुंद दिसू शकते. त्या रुंद पट्ट्यांना वलयाची खरी रुंदी समजून हिशेब केला, तर चित्राचे माप अनेक पटींनी चुकते. सरळ रेषांच्या भागात काप वलयांना काटकोनाच्या जवळपास गेलेला असतो, म्हणून तिथला आकडा विश्वासार्ह ठरतो.

एक यूव्ही एकक म्हणजे एक मीटर

यूव्ही नकाशा डोळ्याच्या अंदाजाने ताणण्यापेक्षा एक यूव्ही एकक नेमके एक मीटर असेल असा नकाशा करणे मला कितीतरी अधिक भरवशाचे वाटते, कारण मग टेक्श्चरचे माप थेट मीटरमध्ये लिहिता येते. सपाट पृष्ठभागांच्या फळ्या आणि पाइप यांसाठी पुढची छोटी स्क्रिप्ट हे काम एका झटक्यात करते. सर्व भाग निवडून, ऑब्जेक्ट मोडमध्ये असताना, ती `Text Editor` मधून चालवावी.

```python
import bpy
for ob in bpy.context.selected_objects:
    if ob.type != 'MESH':
        continue
    me = ob.data
    uv = me.uv_layers.active or me.uv_layers.new()
    for p in me.polygons:
        n = [abs(c) for c in p.normal]
        k = n.index(max(n))
        a, b = ((1, 2), (0, 2), (0, 1))[k]
        for i in p.loop_indices:
            co = me.vertices[me.loops[i].vertex_index].co
            uv.data[i].uv = (co[a], co[b])
```

ही स्क्रिप्ट प्रत्येक पृष्ठभाग कोणत्या अक्षाकडे तोंड करून आहे ते पाहते. फळीच्या वरच्या, खालच्या आणि लांब बाजूंच्या पृष्ठभागांवर यूव्हीची आडवी दिशा नेहमी X अक्षाची, म्हणजे फळीच्या लांबीची, राहते. दोन टोकांचे पृष्ठभाग मात्र Y आणि Z अक्षांवरून मोजले जातात, आणि तेच बरोबर आहे, कारण टोकाला रेषा लांबीच्या दिशेने दिसतच नाहीत. वळलेल्या किंवा गोलाकार भागांना ही पद्धत चालणार नाही. तिथे नेहमीप्रमाणे शिवण देऊन यूव्ही उलगडावे लागतात.

नकाशा बरोबर झाला आहे की नाही हे लाकडाचे चित्र लावण्याआधीच तपासावे. मटेरियलमध्ये `Checker Texture` हा नोड घेऊन त्याला `Texture Coordinate` चा `UV` जोडावा आणि `Scale` १० ठेवावा. एका यूव्ही एककात १० चौकटी बसतात, म्हणून प्रत्येक चौकट १० सेमीची झाली पाहिजे. १८०० मिमीच्या फळीवर लांबीच्या दिशेने १८ चौकटी आणि रुंदीच्या दिशेने दीड चौकट मोजता आली, तर माप ठीक आहे. चौकटी लांबट दिसत असतील, तर `Scale` लागू करायचे राहून गेले आहे. हाताने उलगडलेल्या एखाद्या भागावर १८ ऐवजी ७.२ चौकटी भरत असतील, तर यूव्ही एडिटरमध्ये त्याचे सर्व बिंदू निवडून `S` दाबावे, २.५ लिहावे आणि एंटर करावे.

यानंतर चेकर काढून `Image Texture` लावावे आणि त्याच्या आधी `Mapping` नोड ठेवावा. या नोडमध्ये वरच्या बाजूला `Type` असतो. तो `Point` वर असताना `Scale` वाढवले की चित्र लहान होते, आणि त्यामुळे अनेकांचा गोंधळ उडतो. तो `Texture` वर ठेवला की `Scale` च्या रकान्यांत चित्राचे खरे माप मीटरमध्ये लिहिता येते. आपल्या चित्रासाठी X मध्ये २.४ आणि Y मध्ये ०.६ लिहिले की काम झाले. `Image Texture` कोणतेही चित्र एका चौरस एककात बसवतो आणि त्याच्या लांबी-रुंदीच्या प्रमाणाची दखल घेत नाही, म्हणून दोन्ही आकडे वेगवेगळे लिहिणे आवश्यक असते.

हे न करता चित्र अख्ख्या टेबलटॉपवर ताणून बसवले असते तर काय झाले असते, तेही पाहण्यासारखे आहे. ६०० मिमीचे चित्र ९०० मिमीवर ताणले गेले असते, म्हणजे वलये अडीचऐवजी पावणेचार मिलिमीटरची झाली असती. लांबीत मात्र २४०० मिमीचे चित्र १८०० मिमीत दबले असते. परिणामी कमानीसारखी नक्षी दुप्पट बुटकी व पसरट झाली असती, आणि ओक न दिसता तो छापील कागद चिकटवलेला पुठ्ठा दिसला असता.

रेषांची दिशा आणि फळीफळीतला फरक

फळीत रेषा लांबीच्या दिशेने धावतात यामागे ताकदीचे कारण आहे. लाकूड तंतूंच्या दिशेत मजबूत असते आणि तंतूंना आडवे ते सहज फाटते, म्हणून पाय, पट्ट्या, चौकटी, फळ्या हे सगळे भाग लांबीच्या दिशेने तंतू ठेवूनच कापले जातात. नवख्या मॉडेलरची चूक बहुधा छोट्या भागांत होते. टेबलाच्या कडेला आडवी पट्टी असेल, तर तिच्या रेषा टेबलटॉपला समांतर नसतील, तर तिच्या स्वतःच्या लांबीला समांतर असतील. प्रत्येक भागाची लांबी X अक्षावर ठेवण्याची शिस्त पाळली असेल, तर हे आपोआप जमते.

काही चित्रांमध्ये रेषा उभ्या, म्हणजे चित्राच्या उंचीच्या दिशेने असतात. अशा वेळी `Mapping` मध्ये ९० अंश फिरवण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. रंगाचे चित्र त्याने नीट फिरते, मात्र सोबत नॉर्मल मॅप असेल तर त्यात साठवलेली उंचवट्यांची दिशा फिरत नाही, आणि छिद्रांवर प्रकाश चुकीच्या बाजूने पडल्यासारखा दिसतो. तिरप्या प्रकाशात हा दोष चटकन उघडा पडतो. त्याऐवजी यूव्हीच फिरवावेत. वरच्या स्क्रिप्टमध्ये शेवटच्या ओळीत `co[a]` आणि `co[b]` यांची अदलाबदल केली की झाले. मग `Mapping` चे X आणि Y अर्थातच त्या चित्राच्या रुंदी व उंचीनुसार लिहावेत.

आता सहाही फळ्यांवर एकच नक्षी दिसत असेल. `Object Info` नोडचा `Random` हा आउटपुट घेऊन `Math` नोडने त्याला २.४ ने गुणावे आणि तो `Mapping` च्या `Location` ला जोडावा. प्रत्येक फळीला चित्राचा वेगळा तुकडा मिळेल. तरीही शेजारच्या दोन फळ्यांमध्ये एखादी ठळक गाठ अगदी जवळजवळ आली, तर त्यांतली एक फळी Z अक्षाभोवती १८० अंश फिरवावी, किंवा तिला लांबच्या फळीशी अदलाबदल करावी. खरा सुतारही जोडणीपूर्वी फळ्या मांडून, उलटसुलट फिरवून बघतो. इथेही डोळ्याने केलेली ही मांडणी यादृच्छिक आकड्यावर पूर्ण विसंबण्यापेक्षा चांगली ठरते.

फळीचे टोक

लाकडाचा खोटेपणा सर्वांत आधी कुठे पकडला जात असेल, तर तो फळीच्या टोकाला. वरच्या पृष्ठभागावरच्या रेषा कडेवरून वळून टोकावर तशाच पुढे गेलेल्या दिसल्या, तर ते लाकूड राहत नाही. टोकाला खोडाचा आडछेद दिसतो आणि त्यात वलयांचे कंस असतात. आपल्या टेबलावर असे १५० × ३० मिमीचे सहा तुकडे प्रत्येक टोकाला ओळीने दिसतात.

टोकाच्या पृष्ठभागांना दुसरा मटेरियल स्लॉट द्यावा आणि त्यात आडछेदाचे वेगळे चित्र लावावे. त्याचे मापही वलये मोजूनच ठरवावे. वरच्या चित्रात वलय अडीच मिलिमीटरचे असेल, तर आडछेदातही ते तेवढेच हवे, म्हणजे ३० मिमी जाडीत साधारण १२ वलये येतील. शिवाय दोन्ही पृष्ठभागांची कथा जुळली पाहिजे. वर कमानीची नक्षी असेल, तर टोकाला मध्यभागी जवळजवळ आडवे आणि कडांकडे तिरपे होत जाणारे कंस दिसले पाहिजेत. वर सरळ समांतर रेषा असतील, तर टोकाला वलये वरच्या पृष्ठभागाशी उभी, काटकोनाच्या जवळपास दिसली पाहिजेत. या दोन गोष्टी उलट असल्या तर सुताराच्या नजरेतून त्या सुटणार नाहीत. आडछेदातले उघडे तंतू पॉलिश अधिक शोषतात, म्हणून तो भाग थोडा गडद ठेवावा, रंग ०.८ च्या आसपास गुणून घेतला तर पुरतो.

चित्रांच्या या पद्धतीला एक मर्यादा आहे. वरची रेषा कडेपर्यंत येते, पण टोकावरचे वलय नेमके तिथूनच सुरू होत नाही. तीन मीटरवरून हे कळत नाही, मात्र कोपऱ्याचे जवळून रेंडर घ्यायचे असेल तर कळते. अशा वेळी चित्र सोडून घनरूप टेक्श्चर वापरावे, म्हणजे फळी जणू एका काल्पनिक खोडातून कोरून काढावी. त्यासाठी `Texture Coordinate` चा `Object` घेऊन `Wave Texture` ला जोडावा, त्याचा प्रकार `Rings` आणि दिशा `X` ठेवावी. या नोडमध्ये दोन वलयांमधले अंतर मीटरमध्ये ०.३१४ भागिले `Scale` इतके येते, म्हणून १२५ हा आकडा दिला की वलये अडीच मिलिमीटरची होतात. मध्ये एक `Mapping` नोड `Point` प्रकारात ठेवून `Location` च्या Z मध्ये ०.०४ दिले की खोडाचा गाभा फळीच्या मध्यापासून ४० मिमी खाली जातो, आणि Y भोवती दीड अंश कल दिला की वर कमानी उमटतात. वलयांना `Distortion` ने थोडे वेडेवाकडे करायचे असेल, तर त्यानंतर दुसरा `Mapping` नोड जोडून त्यात फक्त X चे `Scale` ०.०५ करावे, नाहीतर विस्कळीतपणा तंतूंच्या दिशेने ताणला न जाता सगळीकडे सारखा पसरतो आणि लाकडाऐवजी संगमरवरासारखा दिसतो. या पद्धतीत वरची रेषा आणि टोकाचा कंस आपोआप जुळतात. ओकची छिद्रे व रंगछटा मात्र स्वतंत्रपणे भरावी लागतात, म्हणून दूरच्या रेंडरसाठी मी चित्रेच पसंत करतो.

टेबलटॉप भरीव लाकडाचा नसून व्हीनियर लावलेल्या बोर्डाचा असेल, तर हा सगळा भाग लागू होत नाही. तिथे टोकाला आडछेद नसतो, कडपट्टी असते, आणि तिच्या रेषा कडेच्या लांबीने धावतात. कोणती वस्तू दाखवायची आहे हे आधीच ठरवावे, कारण दोन्हींचे मिश्रण हे सर्वांत विसंगत दिसते.

रेषा किती दिसायला हव्यात

योग्य माप दिल्यानंतर पहिले रेंडर पाहून अनेकांची निराशा होते, कारण रेषा आधीपेक्षा फिक्या वाटतात, आणि मग त्या ‘दिसाव्यात’ म्हणून माप पुन्हा वाढवले जाते. संपूर्ण विषयातली सर्वांत घातक चूक मला हीच वाटते, म्हणून तिचा हिशेब मांडतो.

समजा १९२० पिक्सेल रुंद रेंडरमध्ये टेबलाच्या अंतरावर २.४ मीटर रुंदीचे दृश्य बसते. म्हणजे एका पिक्सेलवर १.२५ मिमी येतात. अडीच मिलिमीटरचे वलय फक्त दोन पिक्सेलचे झाले, आणि टेबलटॉप तिरपा दिसत असल्यामुळे मागच्या बाजूला ते त्याहूनही कमी. इतक्या अंतरावरून सुट्या वलयरेषा पुसट दिसणे हेच खरे आहे. त्या अंतरावर लाकूड ओळखू येते ते रुंद कमानींवरून, फळीफळीतल्या रंगाच्या फरकावरून आणि गाठींवरून. फळ्या अधिक ठसठशीत हव्या असतील, तर माप न वाढवता प्रत्येक फळीचा रंग किंचित वेगळा करावा. वरचाच `Random` घेऊन उजळपणा ५ ते १० टक्क्यांनी बदलला तरी फरक जाणवतो.

याच हिशेबाने चित्राची बारकाई पुरेशी आहे का हेही कळते. आपल्या चित्रात एका पिक्सेलवर ०.५९ मिमी येतात, म्हणजे वरील दृश्यासाठी ते रेंडरच्या दुप्पट बारीक आहे. पण कोपऱ्याचे ४०० मिमी रुंदीचे दृश्य घेतले, तर रेंडरचा पिक्सेल ०.२१ मिमीचा होतो आणि चित्र धूसर दिसते. तेव्हा अधिक बारीक चित्र आणावे, आहे ते ताणू नये.

उंचवट्यांसाठी एकच सूचना पुरेशी आहे. पॉलिश केलेल्या ओकची छिद्रे मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाहून खोल नसतात, म्हणून `Bump` नोडचे `Distance` ०.०००२ च्या आसपास ठेवावे. मोठ्या आकड्याने टेबल नांगरलेल्या शेतासारखे दिसते.

धातू: ओरखड्यांची दिशा आणि चकाकीची दिशा

ब्रश फिनिश म्हणजे अपघर्षक पट्ट्याने एकाच दिशेने ओढलेले असंख्य बारीक ओरखडे. पट्टा पाइपच्या लांबीने फिरतो, म्हणून ओरखडेही लांबीनेच जातात. लाकडाप्रमाणे इथेही भागाची लांबीच दिशा ठरवते आणि आपल्या स्क्रिप्टने ती यूव्हीच्या आडव्या दिशेत आधीच बसवली आहे.

परंतु धातूत ओरखड्यांपेक्षा चकाकी महत्त्वाची असते. प्रत्येक ओरखडा ही एक अरुंद चर असते. चरीच्या दोन भिंती डावी-उजवीकडे कललेल्या असतात, त्यामुळे प्रकाश चरीच्या आडव्या दिशेत पसरतो, तर चरीच्या लांबीत पृष्ठभाग तुलनेने गुळगुळीत असल्यामुळे तो फारसा पसरत नाही. म्हणून चकाकीचा पट्टा नेहमी ओरखड्यांना काटकोनात ताणला जातो. उभ्या पाइपवर ओरखडे उभे असतील, तर चकाकी आडवी पसरते. ओरखड्यांचे सुंदर चित्र लावूनही चकाकी गोल ठेवली, तर ते पाइपवर रंगाने रेखाटल्यासारखे वाटतात.

`Principled BSDF` मध्ये `Metallic` १ करावे, `Roughness` ०.३ च्या जवळ ठेवावे, आणि `Specular` च्या विभागातील `Anisotropic` ०.७ करावे. त्याच विभागातील `Tangent` ला `Tangent` नोड जोडून त्याचा प्रकार `UV Map` निवडावा. आता टँजंट पाइपच्या लांबीत, म्हणजे ओरखड्यांच्या दिशेत आहे. ब्लेंडर मात्र चकाकी टँजंटच्याच दिशेने ताणतो, त्यामुळे ती ओरखड्यांना समांतर येते, म्हणजे उलटी. ती पाव वळणाने फिरवण्यासाठी `Anisotropic Rotation` मध्ये ०.२५ लिहावे. शंका असल्यास एक सपाट पत्रा घ्यावा, त्यावर तात्पुरते मोठे ओरखडे लावावेत आणि वर छोटा दिवा ठेवून पाहावे. चकाकी ओरखड्यांना छेदून जात असेल तर मांडणी बरोबर आहे.

चौकटीच्या कोपऱ्यात दोन पाइप ४५ अंशांत मिळतात तिथे दिशा एकदम बदलते, आणि त्याबरोबर चकाकीही तुटते. त्या सांध्यावर एक पाइप उजळ व दुसरा गडद दिसणे हे खऱ्या वस्तूचे लक्षण आहे. दोन्ही पाइप एकाच ऑब्जेक्टमध्ये ठेवून एकसंध यूव्ही दिले, तर हा बदल हरवतो आणि चौकट साच्यातून ओतलेल्या प्लास्टिकसारखी भासते.

तळाच्या चकत्या लेथवर कातलेल्या आहेत, म्हणून त्यांवरचे ओरखडे वर्तुळाकार आहेत. तिथे `Tangent` नोडचा प्रकार `Radial` आणि अक्ष `Z` ठेवावा. टँजंट परिघाच्या दिशेने, म्हणजे पुन्हा ओरखड्यांच्याच दिशेने जातो, म्हणून ०.२५ चे तेच फिरवणे इथेही लागते. मग चकाकी केंद्रातून बाहेर पसरणाऱ्या पंख्यासारखी दिसते. हे केंद्र ऑब्जेक्टच्या व्याप्तीवरून ठरते. चकती पाइपशी जोडून एकच ऑब्जेक्ट केली असेल, तर पंख्याचे टोक चकतीच्या मध्यावरून सरकते. चकत्या वेगळ्या ठेवायला सांगितले होते ते यासाठीच.

आता प्रत्यक्ष ओरखड्यांच्या मापाकडे येऊ. ते मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून बारीक असतात. १.२५ मिमीच्या पिक्सेलमध्ये त्यांतला एकही सुटा दिसू शकत नाही. म्हणून दूरच्या रेंडरमध्ये ओरखड्यांचे टेक्श्चर मुळीच लावू नये. ताणलेली चकाकी त्यांचे सगळे काम करते. तिथे सुटे ओरखडे दिसू लागले, तर ते प्रत्यक्षापेक्षा दहा-वीस पट मोठे आहेत असे खुशाल समजावे.

जवळच्या दृश्यासाठी ते हवेत. `Noise Texture` चे `Scale` १ ठेवून त्याआधी `Point` प्रकारचा `Mapping` नोड यूव्हीला जोडावा आणि त्याच्या `Scale` मध्ये X ला १० व Y ला १०००० द्यावे. एक यूव्ही एकक एक मीटर असल्यामुळे ओरखडे साधारण ०.१ मिमी रुंद आणि १०० मिमी लांब होतात. `Map Range` ने हे मूल्य ०.२५ ते ०.४ या टप्प्यात आणून फक्त `Roughness` ला द्यावे. रंगात ते मिसळू नये, कारण ओरखड्याने धातूचा रंग बदलत नाही. ओरखड्यांची चित्रे वापरत असाल, तर `Roughness` आणि नॉर्मल यांच्या चित्रांचा `Color Space` न विसरता `Non-Color` करावा, अन्यथा आकडे वाकतात आणि पाइप कारण नसताना अधिक मंद किंवा अधिक चकचकीत दिसतो.

कडा आणि शेवटची तपासणी

लाकडाच्या कडांना `Bevel` मॉडिफायरने एक ते दोन मिलिमीटरची आणि पाइपच्या कोपऱ्यांना सुमारे चार मिलिमीटरची गोलाई द्यावी. स्क्रिप्ट आधी चालवलेली असल्यामुळे मॉडिफायर तिचे यूव्ही पुढे नेतो. धारदार कडेवर प्रकाशाची रेघ उमटत नाही, आणि मग योग्य मापाचे टेक्श्चरही कापून चिकटवल्यासारखे वाटते.

रेंडर झाल्यावर प्रतिमा शंभर टक्के आकारात उघडावी आणि जवळच्या एका फळीवर सरळ रेषांचा भाग शोधून रुंदीत वलये मोजावीत. १५० मिमीच्या फळीवर ती साधारण ६० भरली पाहिजेत. २२ च्या आसपासच भरत असतील, तर कुठेतरी `Mapping` चा प्रकार `Point` वर राहिला आहे. उलट ती मोजता न येण्याइतकी दाट झाली असतील, तर कमानीचा भाग मोजून चित्राचे माप काढले गेले आहे. त्यानंतर दिवा पाइपच्या आडव्या दिशेने थोडा सरकवून दुसरे छोटे रेंडर घ्यावे. चकाकीचा पट्टा पाइपची रुंदी व्यापून हळूहळू मंद होत गेला, तर दिशा बरोबर आहे. तो लांबीने पसरलेल्या बारीक रेघेसारखा राहून एकदम नाहीसा झाला, तर ०.२५ चे फिरवणे त्या पाइपवर राहून गेले आहे.